तसबिरीमागचं हवाई पत्र

इस्रायलमधल्या लोद शहरात राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या एका बाईची ही कथा. तिच्या नातीला भिंतीवरच्या तसबिरीतल्या खापरपणजीचा फोटो मोबाइलमध्ये काढून घ्यायचा आहे. काचेवर उजेड चमकतो म्हणून दोघी तसबीर खाली उतरवतात, पालथी घालतात, पाठीमागच्या बारीक चुका पकडीने काढतात आणि पुठ्ठा उचलतात. फोटो आणि पुठ्ठा यांच्यामध्ये घडी घातलेला एक निळसर कागद निघतो. त्यावर मराठी अक्षरं आहेत. नातीला मराठी येत नाही. आजी रेवदंड्याच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली आणि 1962 मध्ये, दहा वर्षांची असताना, आईवडील आणि थोरल्या बहिणीबरोबर इस्रायलला आली. त्यानंतर मराठी तिच्या बोलण्यात राहिली, वाचण्यात फारशी राहिली नाही. आता हे पत्र तिला नातीसाठी हिब्रूत आणायचं आहे.

बाई, नात आणि पत्र ही माझी कल्पना आहे, हे आधीच सांगतो. पण पत्रात जे येतं ते सगळं बेने इस्रायल समाजाच्या इतिहासातलं आहे. गावाकडचं जुनं पत्र हाती लागलं की मराठी कथा पहिल्या ओळीलाच डोळे भरून आणते. माझ्या मते घाई तिथेच होते. ही बाई पत्र शब्दाशब्दाने कसं लावते, हे नीट पाहिलं तर कथा अशा जागी पोचते की जिथे नुसत्या आठवणींनी पोचता आलं नसतं.

बेने इस्रायल म्हणजे कोकण किनाऱ्यावरचे ज्यू. अलिबागजवळच्या नवगावला त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. किनाऱ्यावर ते तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, किहीमकर, दिवेकर, नवगावकर. मराठी ही त्यांची घरातली भाषा होती. 1948 नंतर यांतले बहुतेक जण टप्प्याटप्प्याने इस्रायलला गेले आणि लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बीरशेबा अशा गावांत राहिले. आमच्या कथेतलं कुटुंब त्यांतलंच.

आता कागदाकडे येऊ. तो साधा कागद नाही, हवाई पत्र आहे. एकाच पातळ कागदाचं पत्र आणि पाकीटही. तीन घड्या घालायच्या, कडेचा गोंद ओला करून चिकटवायचं. टपाल खात्याचा नियम असा की हवाई पत्राच्या आत दुसरं काही घालायचं नाही. म्हणजे हा फोटो आणि हे पत्र भारतातून एकत्र आलेले नाहीत. फोटो सामानातून आला असणार, पत्र नंतर टपालाने आलं आणि कुणीतरी मुद्दाम चुका काढून, पत्र फोटोमागे ठेवून, चुका पुन्हा ठोकल्या. लोदच्या त्या घरात हे करू शकणारी व्यक्ती एकच, बाईची आई. पत्रही तिलाच आलेलं आहे. जपून ठेवायची पत्रं ट्रंकेत, पिशवीत, देव्हारा असलेल्या घरात देव्हाऱ्याखाली ठेवतात. तसबिरीमागे ठेवतात ते दिसू नये म्हणून. हा प्रश्न बाईच्या मनात राहतो.

अशा कागदाची घडी एकदम उलगडायची नसते. साठ वर्षं घडीत राहिलेला कागद घडीवरच तुटतो आणि शाई सर्वांत जास्त तिथेच उडालेली असते. बाई आधी आहे तशा घडीत दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवते. मग घडी हळूहळू सैल करून कागद खिडकीपाशी ठेवते. उजेड वरून पडला तर फिकट शाई दिसत नाही, बाजूने तिरका पडला तर टाकाच्या दाबाने उठलेल्या रेघा दिसू लागतात. त्यानंतर ती भाषांतराला बसत नाही, आधी नक्कल करते. ओळीखाली ओळ, जसं आहे तसं, चुकांसकट. न लागलेल्या शब्दाच्या जागी टिंबं. ही पायरी गाळली की मनाला जे वाटतं तेच वाचलं जातं, आणि नंतर कागद काय म्हणत होता आणि आपण काय म्हणालो हे वेगळं करता येत नाही. लोदमध्ये जुन्या पिढीची मराठी वाचणारी माणसं अजून आहेत, समाजाचं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही इस्रायलमधून निघालेलं आहे. अडलेल्या दोन शब्दांसाठी बाई शेजारच्या वयस्क मावशींकडे जाते. पण त्यांना ती आपली नक्कल दाखवत नाही, मूळ कागद दाखवते. आधी नक्कल दाखवली तर मावशीही तेच वाचतील.

नक्कल पुरी होते तेव्हा पत्र असं दिसतं:

चि. सौ. लेकीस अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवीत जावी. दारफळणी यंदा शनिवारी आली. रोजा मला निभला. पण मशिदीत आतां माणूस उरलें नाहीं. दहा पुरुष होईनात म्हणून मुंबईचा पाहुणा थांबवून ठेवला. शिळ्या सणाला तुमच्या नावाने वाटलं. नारळाला तीस नये पैसे घेतात. थोरलीचं अडलंय तें आबाजीकडून कळलं. तूं ... करूं नको. कळावें.

खाली, पत्ता लिहायच्या बाजूला, वेगळ्या शाईने दाटीवाटीने आणखी चार ओळी आहेत:

मी रिबका. माझी आई राहेल. तिची आई सोनाबाई. तिची आई साराबाई. सगळ्या आपल्यांतल्याच. नवगावास निजल्यात.

पत्रावर तारीख नाही आणि शिक्क्याचं वर्तुळ अर्धंच उठलं आहे. पाठवणारीचा पत्ता मात्र स्वच्छ आहे: मु. पो. रेवदंडा, ता. अलिबाग, जि. कुलाबा, महाराष्ट्र राज्य. एवढ्यावरून साल काढता येतं का? बरंच जवळ जाता येतं, आणि हा भाग मला या कथेत फार प्रिय आहे. कारण घरात पडलेलं कुणाचंही जुनं पत्र याच वाटेने लावता येतं.

कुलाबा जिल्ह्याचं नाव 1981 मध्ये रायगड झालं, तेव्हा पत्र त्याआधीचं. पत्त्यात पिनकोड नाही, आणि पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून आला. पण गावाकडची माणसं पुढे कित्येक वर्षं पिनकोड लिहीत नसत, म्हणून नुसत्या या खुणेवर भिस्त ठेवता येत नाही. 'महाराष्ट्र राज्य' लिहिलंय म्हणजे 1 मे 1960 नंतरचं, ही खूण पक्की. राज्य अस्तित्वात नसताना ते कुणी पत्त्यात लिहिणार नाही. नये पैसे 1 एप्रिल 1957 ला सुरू झाले आणि त्यांच्यातलं 'नये' 1 जून 1964 पासून सरकारी व्यवहारातून गेलं. लोकांच्या तोंडी ते थोडं पुढेही टिकलं, पण पत्र 1964 च्या आगेमागे संपतं एवढं तरी हाती लागतं. 'नाहीं', 'आतां', 'तें' यांवरचे अनुस्वार मात्र फसवे आहेत. मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नवे नियम 1962 मध्ये केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण जुन्या पद्धतीने शिकलेला हात ते पुढे वर्षानुवर्षं देत राहिला. शिवाय याच पत्रात 'वाटलं' आणि 'कळलं' असे बोलीतले शब्दही आहेत. लिहिणारा शाळेत शिकल्याप्रमाणे सुरुवात करतो, मग सांगणारी भराभर बोलू लागते आणि त्याचा हात तिच्या बोलण्यामागे धावतो. आजीला लिहिता येत नव्हतं. शेजारच्या कुणा मुलाला बसवून तिने हे सांगितलं आहे. 'वि. वि.' त्याचं आहे, 'रोजा मला निभला' तिचं.

उरला सण. दारफळणीचा सण म्हणजे ज्यू पंचांगातली तिश्री महिन्याची दहावी, जगभरचे ज्यू जिला योम किप्पूर म्हणतात तो उपवासाचा दिवस. कोकणात त्या दिवशी दार लावून घरात राहायचं आणि बाहेरच्यांशी संबंध ठेवायचा नाही असा रिवाज होता, म्हणून हे नाव. 1960 ते 1964 या वर्षांत हा दिवस दोनदाच शनिवारी आला: 1 ऑक्टोबर 1960 ला आणि 28 सप्टेंबर 1963 ला. पत्र यापुढे काही सांगत नाही. पुढचं बाईच्या आयुष्यात आहे. 1960 मध्ये ती आणि तिची आई रेवदंड्यालाच होत्या, त्यांना हवाई पत्र कोण पाठवणार? म्हणजे पत्र 1963 चं, सप्टेंबरअखेरचं किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांतलं.

साल ठरेपर्यंत बाईने केलेलं पहिलं भाषांतर सरळ होतं. सणाची हकीगत, नारळाचा भाव, 'थोरलीचं अडलंय' म्हणजे बहिणीचं लग्न जमत नव्हतं, आणि शेवटी म्हातारपणी माणूस आपल्या आईची, आजीची नावं आठवत बसतं तशी चार नावं. नातीला ते गोड वाटलं. 1963 हा आकडा वर लिहिल्यावर त्याच चार ओळी वेगळ्या दिसू लागतात.

इस्रायलमध्ये लग्नाचा कायदा धर्मसंस्थेच्या हातात आहे. ज्यू वधूवरांच्या लग्नाची नोंद रब्बी करतो आणि ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे माणूस ज्यू ठरतो तो आईकडून. बेने इस्रायल शेकडो वर्षं इतर ज्यूंपासून दूर राहिलेले, म्हणून काही रब्बींनी त्यांच्याबद्दल शंका काढली. मधल्या काळात यांच्यात बाहेरच्या बायका आल्या असतील, घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले नसतील. मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या काळात, 1962 च्या सुरुवातीला, मुख्य रब्बी मंडळाने नोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना दिल्या की बेने इस्रायल वधू किंवा वर आला तर त्याची आई, आजी, तिची आई, असं जितकं मागे जाता येईल तितकं जाऊन तपासावं. दुसऱ्या कुठल्याही समाजाचं नाव घेऊन अशी सूचना नव्हती. लग्नं अडली. 1964 च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल कुटुंबं बायकामुलांसह जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. त्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत, आणि मग रब्बी मंडळाने सूचनांतून समाजाचं नाव काढलं.

म्हणजे पत्र गेलं ते नेमकं या दोन वर्षांच्या मधोमध. 'थोरलीचं अडलंय' याचा अर्थ स्थळ मिळत नव्हतं असा नाही. स्थळ होतं, नोंद होत नव्हती. रब्बीच्या कचेरीत आई, आजी, पणजी विचारत होते, आणि रेवदंड्याच्या म्हातारीने पत्र लिहून संपल्यावर, जागा उरली नव्हती तरी, मुलाला पुन्हा बसवून पत्त्याच्या बाजूला आपली आईकडची चार माणसं लिहवून घेतली. रिबका, राहेल, सोनाबाई, साराबाई. आणि त्या कुठे पुरल्या आहेत तेही, कारण नवगावची दफनभूमी ही तिच्या मते सगळ्यात मोठी साक्ष होती. तिने आठवण नव्हे, जबानी पाठवली होती.

मग ती जबानी कचेरीत का गेली नाही? तसबिरीमागे का गेली? इथे कथेतली बाई स्वतःच्या नक्कलेकडे परकी होऊन पाहते. 1963 मध्ये रब्बीपुढे हे पत्र ठेवायचं तर आधी त्याचं भाषांतर करून द्यावं लागलं असतं, आणि कचेरीतला कुणी भाषांतरकार शब्दाला शब्द ठेवून बसला असता. 'मशिदीत माणूस उरलें नाहीं.' कोकणातले बेने इस्रायल आपल्या प्रार्थनामंदिराला मशीद म्हणत. गावात मुसलमान शेजारी होते, देवाला मूर्ती नाही अशी दोघांची प्रार्थना, शब्द सहज उचलला गेला. उपवासाला रोजा म्हणत, तिशा बे-आवच्या उपवासाचं नाव तर वालाच्या बिरड्यावरून 'बिरड्याचा रोजा'. आणि सोनाबाई. बेने इस्रायल स्त्रियांची नावं शेजारच्या मराठी घरांतल्यासारखीही असत. पुरुषांची बायबलमधली नावंसुद्धा कोकणी वळणाने बोलली जात, अब्राहामचा आबाजी होई, एझेकिएलचा हसाजी. ज्या रब्बीला मुळात हीच शंका आहे की या घराण्यांत बाहेरच्या बायका आल्या, त्याच्यापुढे मशिदीत जाणारी, रोजे धरणारी आणि आजीचं नाव सोनाबाई सांगणारी म्हातारी उभी करायची? तिच्या लेकीने पत्र वाचलं, ते काय आहे हे ओळखलं आणि ते कामाला येणार नाही हेही ओळखलं. फेकवलं नाही म्हणून ते आईच्याच फोटोमागे ठेवलं. त्या घरात कुणी मराठी वाचणारा पाहुणा आला असता तरी ते हाती लागलं नसतं.

बाईची आई याबद्दल मुलींशी कधी बोलली नाही. कथेत ते तसंच राहू द्यावं असं मला वाटतं. मरणापूर्वीची कबुली, दुसरी चिठ्ठी, एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाने सगळं उलगडून सांगणं, यांतलं काही आणायची गरज नाही. हवाई पत्राच्या नियमापासून शनिवारच्या दारफळणीपर्यंत जे आहे त्यावरून बाई इथवर येऊ शकते, आणि तिने स्वतः यावं यातच कथेचं बळ आहे.

आता भाषांतर दुसऱ्यांदा. मशीद हा शब्द हिब्रूत मशीद म्हणूनच आणला तर नात विचारणार, आपण मुसलमान होतो का? 'बेत क्नेसेत' असा हिब्रूतला नेहमीचा शब्द ठेवला तर नातीला काही अडणार नाही, पण खापरपणजी लोदच्या कुठल्याही आजीसारखी बोलू लागेल. दारफळणीच्या जागी योम किप्पूर घातलं तरी तेच. दोन्ही शब्द बरोबर आहेत आणि दोन्हींनी म्हातारी नाहीशी होते. 1963 मध्ये असं भाषांतर कुणी करून दिलं असतं तर ते उपकाराचं ठरलं असतं, थोरलीचं लग्न कदाचित वर्षभर आधी झालं असतं. आज हे भाषांतर कुणापुढे पुरावा म्हणून ठेवायचं नाही. म्हणून बाई रेवदंड्याचे शब्द हिब्रू अक्षरांत तसेच लिहिते, मशीद, रोजा, दारफळणी, शिळा सण, आणि समासात प्रत्येकाचा अर्थ देते. शिळा सण म्हणजे दारफळणीच्या दुसऱ्या दिवशीचा, त्या दिवशी गोरगरिबांना वाटतात. 'दहा पुरुष' याला मात्र काही जोडावं लागत नाही. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात हे नातीला ठाऊक आहे. उलट मराठी वाचकालाच ते सांगावं लागतं, आणि ते समजल्यावर मुंबईचा पाहुणा थांबवून ठेवण्यामागची ओढाताण लक्षात येते. लोक इस्रायलला जात होते आणि मागे राहिलेल्यांना दहा माणसं जमवणं अवघड होत होतं. म्हातारी ते तक्रारीच्या सुरात सांगत नाही, पण लेकीला ते कळावं म्हणून सांगते.

सोनाबाईचं काय करायचं यावर बाई सर्वांत जास्त वेळ घालवते. तिच्या बहिणीने, जी पुढे 1964 च्या हिवाळ्यात लग्न करून अश्दोदला गेली, आपल्या कागदांत पणजीच्या आईचं नाव हिब्रू वळणाचं लिहिलं होतं, हे बाईला आता आठवतं. तेव्हा ते नाव कुठून आलं हे तिने विचारलं नव्हतं. सोनाबाईच्या जागी हिब्रू नाव बसवून बहिणीने खोटं लिहिलं असं बाईला वाटत नाही, मलाही वाटत नाही. ज्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं तर तेच अंगावर उलटेल असा प्रश्न विचारणाऱ्यांनी तो नाव बदलण्याची वेळ आणली होती. बाई भाषांतरात सोनाबाई लिहिते. पुढे काही जोडत नाही.

'तूं ... करूं नको' मधला शब्द शेवटपर्यंत लागत नाही. तो बरोबर घडीवर आला आहे. शेजारच्या मावशी म्हणतात 'काळजी', आणि तो शब्द तिथे बसतोही. पण तिरक्या उजेडात पहिलं अक्षर 'घ' सारखं दिसतं, मग तो 'घाई' असू शकतो, म्हणजे लग्नाची घाई करू नको, किंवा आणखी काही. एकाने आई धीर देते, दुसऱ्याने सल्ला देते, आणि 1963 मध्ये या दोहोंत फार अंतर होतं. बाई हिब्रू प्रतीत तिथे टिंबं ठेवते, खाली दोन्ही शक्यता लिहिते, वर पत्राचं साल घालते आणि मूळ पत्र आपल्या बहिणीच्या मुलीकडे अश्दोदला पाठवायचं ठरवते, कारण ते ज्या लग्नासाठी आलं होतं ते तिच्या आईचं होतं.